21वा दिवस उलटला तरी पिल्लं नाहीत: तारीख कशी काढायची आणि कँडलिंगमध्ये उशीर कसा ओळखायचा

उबवणीच्या मशीनमध्ये कोंबडीची अंडी ठेवून 21 दिवस झाले, एकाही अंड्याला टवका पडलेला नाही, आता फेकून देऊ का? दर हंगामात हा प्रश्न येतो आणि घाई केलेल्या माणसाला फोडलेल्या अंड्यात जिवंत पिल्लू सापडतं. म्हणून आधी उत्तर: फेकू नका, मशीनही उघडू नका. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर तारीख एक दिवस अलीकडची मोजली गेली आहे, नाहीतर मशीन तीन आठवडे थोडं थंड चाललं आहे आणि डिस्प्लेने ते लपवलं आहे. पहिली चूक कॅलेंडरवर सापडते. दुसरी सातव्या आणि चौदाव्या दिवशीच्या कँडलिंगमध्ये, म्हणजे काळोखात अंड्याला उजेड लावून आत बघण्यात दिसते, फक्त बघायचं काय ते ठाऊक हवं. नुसतं 'जिवंत आहे का' एवढंच बघितलं तर उशीर कळत नाही.

खालचं सगळं कोंबडीच्या अंड्यांचं आहे. गावरान, कडकनाथ, सुधारित जाती, सगळ्यांना हाच हिशेब लागू होतो.

दिवस मोजायचे कसे

अंडी ठेवली तो दिवस शून्य. त्यानंतर 24 तास पूर्ण झाले की पहिला दिवस पूर्ण. सोप्या भाषेत, ज्या वारी अंडी ठेवली त्याच वारी तीन आठवड्यांनी पिल्लं. सोमवारी ठेवली तर सोमवारी.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा 42 गावरान अंडी सोमवारी 3 नोव्हेंबरला संध्याकाळी 6 वाजता मशीनमध्ये गेली. तर सात दिवस पूर्ण होतात सोमवारी 10 नोव्हेंबरला संध्याकाळी, चौदा सोमवारी 17 नोव्हेंबरला, अठरा शुक्रवारी 21 नोव्हेंबरला आणि एकवीस सोमवारी 24 नोव्हेंबरला, सगळं संध्याकाळी 6 वाजता. जो 3 तारखेलाच 'पहिला दिवस' म्हणतो त्याचा 21वा दिवस रविवारी 23 तारखेला येतो. अठराव्या दिवशी बंद करायचं अंडी फिरवणं तो गुरुवारीच बंद करतो, रविवारी वाट बघतो आणि सोमवारी सकाळी हताश होतो. खरं तर सोमवारी सकाळी अजून बारा तास बाकी असतात.

घड्याळ सुरू होतं ते अंडं आतून गरम झाल्यावर. साठवणीतली थंडगार अंडी थेट मशीनमध्ये घातली तर सुरुवातीचे काही तास नुसती गरम होण्यात जातात, शिवाय कवचावर घाम सुटतो आणि त्या ओलीतून जंतू आत शिरतात. अंडी आदल्या रात्री घरातल्या साध्या तापमानाला काढून ठेवावीत.

साठवणीचाही हिशेबात वाटा आहे. सात दिवसांपर्यंतच्या अंड्यांना विशेष फरक पडत नाही. त्यापुढे साठवणीचा प्रत्येक दिवस साधारण तासभर उशीर वाढवतो आणि निघणाऱ्या पिल्लांची संख्याही कमी करतो. गावरान कोंबड्या कमी असतील तर अंडी दोन-दोन, तीन-तीन करत पंधरा दिवस जमवली जातात आणि मग एकदम ठेवली जातात. अशा घाण्यात पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू यांत दीड दिवसाचं अंतर पडलं तर त्यात मशीनचा दोष नाही. लहान अंडी मोठ्या अंड्यांपेक्षा काही तास आधी फुटतात, हेही लक्षात असू द्या.

डिस्प्ले 37.7 दाखवतो, मग थंड कसं?

पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 ते 37.7 अंश सेल्सिअस हवं. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर तरंगते, म्हणून तिथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर थर्मामीटर ठेवून 38.3 ते 38.8 धरतात. पंख्याच्या मशीनसाठीचा आकडा बिनपंख्याच्या पेटीला लावला की घाणा हमखास उशिरा जातो.

घरी थर्माकोलच्या पेटीत बनवलेल्या मशीनवर बहुतेक `W1209` हे छोटं लाल आकड्यांचं कंट्रोलर असतं. उशिराचं सगळ्यात नेहमीचं कारण त्यातच दडलेलं आहे. या कंट्रोलरमध्ये `P1` नावाची सेटिंग असते. तापमान किती खाली गेलं की दिवे पुन्हा लागायचे, ते ती ठरवते आणि कारखान्यातून ती 2.0 वर येते. म्हणजे तुम्ही 37.7 लावलं की दिवे 37.7 ला बंद होतात, पण परत लागतात ते थेट 35.7 ला. डिस्प्लेकडे तुम्ही नेमके दिवे बंद होताना बघितलं तर 37.7 दिसतं आणि मन निर्धास्त होतं. अंड्याला मात्र या चढउताराची सरासरी मिळते, म्हणजे 36.7 च्या आसपास. तापमान सतत एक अंश कमी राहिलं तर घाणा साधारण एक ते दीड दिवस मागे पडतो.

दुरुस्ती अशी. `SET` बटण पाच सेकंद दाबून धरा, `P0` येईल. ते उष्णता देण्यासाठी `H` वर आहे ना ते बघा. पुढे `P1` वर जाऊन 0.2 किंवा 0.3 करा. दिवे चालू-बंद करणारा रिले जास्त वेळा टकटक करेल, तेवढं चालायचंच. दिवे फार जास्त वॅटचे असतील तर `P1` कमी करूनही तापमान वर उसळतं. तिथे एक मोठा दिवा काढून दोन लहान लावणं हाच उपाय.

दुसरी तपासणी सेन्सरची. तो स्वस्तातला असतो, अर्धा अंश इकडेतिकडे दाखवणं त्याच्यासाठी नेहमीचं आहे. ताप बघायचा साधा डिजिटल थर्मामीटर 35 ते 42 अंशांत चांगला अचूक असतो आणि आपल्याला नेमका तोच पट्टा हवा आहे. भांड्यात 38 अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या, थर्मामीटरचं टोक आणि सेन्सरची धातूची नळी एकमेकांना टेकवून त्यात बुडवा, पाणी हलवत राहा आणि दोन्ही आकडे एकाच वेळी बघा. कंट्रोलर 38.2 दाखवतोय आणि थर्मामीटर 37.7, तर कंट्रोलर अर्धा अंश जास्त वाचतो आहे. `P4` मध्ये -0.5 भरा. सेन्सर पेटीत कुठे टांगला आहे तेही बघा. दिव्याच्या झोतात असेल तर तो लवकर तापतो आणि अंडी थंडच राहतात. त्याची जागा अंड्यांच्या उंचीला, दिव्याच्या थेट उजेडापासून आडोशाला.

उलट तक्रारही येते, पिल्लं एकोणीस-वीस दिवसांतच निघाली, लहानखुरी, बेंबीला रक्त. हे जास्त तापमानाचं लक्षण. विदर्भात मे महिन्यात हे हमखास होतं. घरातलंच तापमान 40 च्या वर गेलं की कंट्रोलर दिवे बंद करून गप्प बसतो, त्याला थंड करता येत नाही. त्या दिवसांत मशीन घरातल्या सगळ्यात गार खोलीत, भिंतीच्या कडेला, झरोके पूर्ण उघडे ठेवून चालवा, नाहीतर त्या महिन्यात घाणा घेऊच नका. अंड्याला थोडा वेळ थंडावा सोसतो, जास्त उष्णता सोसत नाही. वीज दोन तास गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाकून ठेवली की काम भागतं. शेवटच्या आठवड्यात तर गर्भ स्वतःच ऊब देतात, म्हणून तेव्हा झरोके पूर्ण बंद करू नका.

सातवा दिवस: जिवंत आहे का, आणि वयाप्रमाणे आहे का

कँडलिंगला खास यंत्र लागत नाही. चांगल्या झोताचा एलईडी टॉर्च घ्या, पुढे पुठ्ठा लावून त्याला दोन-अडीच सेंटिमीटरचं गोल भोक पाडा, म्हणजे उजेड बाजूने सांडणार नाही. खोली पूर्ण काळोखी करा. अंड्याचं रुंद टोक भोकावर टेकवा आणि अंडं हळू फिरवा. एका वेळी एकच ट्रे बाहेर काढा आणि वीस मिनिटांत परत आत ठेवा. हात धुतलेले हवेत. तपकिरी कवचाची अंडी थोडी अवघड जातात, पण सातव्या दिवशी दिसतातच. पांढऱ्या अंड्यात चौथ्या दिवशीही शिरा दिसतात, तरी तेव्हा निर्णय घेऊ नका, चुकून चांगली अंडी बाहेर जातात.

जिवंत अंड्यात मधोमध एक काळा ठिपका दिसतो, तो डोळा. त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या असतात. अंडं क्षणभर स्थिर धरलं तर ठिपका हलकेच डोलतो. वांझ अंडं स्वच्छ पिवळट उजळतं, फक्त बलकाची फिकट सावली फिरते. तिसरा प्रकार म्हणजे रक्ताचं कडं: शिरा नाहीत, पण आत लाल रेषेचं गोल किंवा अर्धगोल स्पष्ट उठून दिसतं. गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला की शिरांतलं रक्त कडेला सरकून असं कडं उरतं. सुरुवातीच्या मरणाचा जोर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास असतो. अंडी जुनी होती, वाहतुकीत हादरली किंवा मशीन सुरुवातीलाच खूप तापलं, यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

स्वच्छ दिसणारी अंडी फेकण्याआधी दोन-तीन बशीत फोडून बघा. बलकावरचा पांढरा ठिपका लहान आणि घट्ट असेल तर अंडं फलितच नव्हतं, म्हणजे दोष कोंबड्याकडे. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा, तोही फार वयस्कर नको. ठिपका पसरून फेसाळ चकतीसारखा झाला असेल तर गर्भ वाढू लागला होता आणि एकदोन दिवसांत मेला. तेव्हा दोष साठवणीचा किंवा मशीनचा.

आता वजनाकडे. अंड्यातलं पाणी कवचातून उडतं आणि रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होत जाते. अठराव्या दिवसापर्यंत वजन 12 ते 13 टक्क्यांनी घटायला हवं, म्हणजे रोज साधारण दोन-तृतीयांश टक्का. आर्द्रतेचा स्वस्त मीटर दहा टक्के चुकू शकतो, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा सहसा तेवढा चुकत नाही. म्हणून आमचा जास्त विश्वास काट्यावर.

उदाहरणातल्या 42 पैकी 10 अंड्यांवर पेन्सिलने खूण केली आणि प्रत्येकाचं वजन कवचावर लिहिलं, एकूण 452 ग्रॅम. सातव्या दिवशी, 10 नोव्हेंबरला, 42 पैकी 5 वांझ आणि 2 रक्ताच्या कड्याची निघाली, उरली 35. वांझांपैकी एक खुणेचं होतं, त्याचं सुरुवातीचं वजन 44 ग्रॅम होतं. ते वजा केलं की उरलेल्या नऊ अंड्यांचं मूळ वजन 408 ग्रॅम. सात दिवसांत 4.7 टक्के म्हणजे 19 ग्रॅम घट होऊन 389 भरायला हवं होतं. काट्यावर 394 भरलं. म्हणजे घट कमी, आत ओलावा जास्त. पाण्याचे दोन ट्रे भरलेले होते, त्यातला एक काढला. इथे एक लक्षात घ्या, ओलावा ठरतो पाण्याच्या पृष्ठभागावर, पाणी किती खोल आहे त्यावर नाही. ट्रे अर्धा रिकामा केला तरी पसारा तोच राहतो आणि फरक पडत नाही. ट्रेच लहान घ्यावा लागतो.

त्याच तपासणीत दुसरी गोष्ट दिसली. शिरा होत्या, डोळा होता, पण एकूण पसारा सहा-साडेसहा दिवसांच्या गर्भासारखा. सगळ्या जिवंत अंड्यांत सारखंच मागेपण दिसत असेल तर ते अंड्यांचं नाही, तापमानाचं आहे. दोन-चार अंडीच मागे असतील तर ती जुनी किंवा ट्रेच्या थंड कोपऱ्यातली. इथे सगळीच मागे होती, कंट्रोलर बघितला तर `P1` कारखान्यातल्या 2.0 वरच. 10 तारखेच्या संध्याकाळी तो 0.2 केला.

मागे पडलेलं भरून काढायला तापमान 38.5 करावंसं वाटतं. ते करू नका. उशिरा निघालेलं पिल्लू बहुधा जगतं, उकडलेलं जगत नाही. तापमान योग्य जागी आणा आणि तारीख पुढे ढकला. पहिला आठवडा एक अंश कमी गेला असेल तर अर्ध्या दिवसाच्या आसपास. म्हणून नवा अंदाज 24 च्या संध्याकाळऐवजी मंगळवार, 25 नोव्हेंबरची सकाळ.

चौदावा दिवस: निमुळतं टोक बघा

बहुतेक लोक या दिवशी रुंद टोकाकडून बघतात, काळी सावली हलली की समाधान मानतात. उशिराचा खरा पुरावा निमुळत्या टोकाला असतो. गर्भ श्वास घेतो तो कवचाला आतून चिकटलेल्या शिरांच्या पडद्यातून. हा पडदा रुंद टोकाकडून पसरत जातो आणि तापमान बरोबर असेल तर अकरावा दिवस संपेपर्यंत निमुळत्या टोकाला येऊन मिळतो. म्हणून चौदाव्या दिवशी तिथे उजेड धरला तर बारीक शिरांचं जाळं दिसलंच पाहिजे. बिनशिरांचा उजळ तुकडा अजून उरला असेल तर घाणा तीन-चार दिवस मागे आहे, आणि तारीख त्याप्रमाणे हलवा. आधीच शंका असेल तर हीच तपासणी अकरा-बारा दिवसांवर करा, तेव्हा अर्ध्या दिवसाचाही फरक कळतो.

एखाद्याच अंड्यात पडदा पूर्ण पसरलेला नसेल तर बहुधा ते नीट फिरवलं गेलेलं नाही. हाताने फिरवणाऱ्यांनी दिवसातून किमान तीन वेळा, शक्य तर पाच वेळा फिरवावं. वेळा विषम ठेवायच्या, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर पडत नाही. कवचावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला की चूक होत नाही.

मेलेलं अंडं या वयात ओळखायला सोपं आहे. आत काळपट पाणी हिंदकळतं, शिरा दिसत नाहीत, हवेच्या पोकळीची कड धूसर होते. वास येत असेल किंवा कवचावर ओल पाझरत असेल तर ते अंडं लगेच बाहेर काढा, आत फुटलं तर शेजारची अंडीही जातात.

उदाहरणात 17 नोव्हेंबरला एक मेलेलं निघालं, 34 उरली. निमुळती टोकं सगळ्यांची भरलेली होती. नऊ खुणेची अंडी 373 ग्रॅम भरली, हवं होतं 370. ट्रे काढल्याचा परिणाम दिसत होता, म्हणून आणखी काही केलं नाही.

पाणी किती, हे गावावर अवलंबून

सगळीकडे सांगितलेला आकडा एकच: पहिले अठरा दिवस आर्द्रता 45 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 75. आकडा बरोबर आहे, पण 'अमुक मापाचा ट्रे ठेवा' हा सल्ला एका गावचा दुसऱ्या गावी चालत नाही. बाहेरची हवा मशीनमध्ये 37.7 पर्यंत तापते आणि तापली की तिची आर्द्रता घसरते. कोकणात जुलैमध्ये बाहेर 27 अंश आणि 90 टक्के असेल तर तीच हवा आत गेल्यावर जवळपास 49 टक्के होते. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांत पाणी ठेवायची गरजच नाही, आणि ठेवलं तर पिल्लं पाण्यात बुडाल्यासारखी मरतात. डिसेंबरच्या पहाटे नगरकडे 15 अंश आणि 60 टक्के असेल तर आत जेमतेम 16 टक्के उरतात. तिथे दोन ट्रेही कमी पडतील. म्हणून शेजाऱ्याचा ट्रे बघण्यापेक्षा आपला काटा बघावा.

अठरावा दिवस: शेवटची तपासणी, मग हात बाहेर

या वेळी अंडं जवळजवळ पूर्ण काळं दिसतं. फक्त रुंद टोकाला हवेची पोकळी उजळ असते, अंड्याच्या साधारण एक-तृतीयांशाएवढी, आणि तिची कड तिरकी झुकू लागलेली असते. निमुळत्या टोकाला उजेड अजिबात नको, कारण तिथला पांढरा भाग गर्भाने तोवर संपवलेला असतो. तिथे उजळ पट्टा दिसला तर आणखी वेळ द्या, फिरवणं एवढ्यात थांबवू नका. पोकळीत चोचीची सावली हलताना दिसली तर घाणा उलट पुढे आहे, लगेच फिरवणं बंद करा.

उदाहरणात तारीख अर्धा दिवस पुढे गेली होती, म्हणून शुक्रवारी 21 ला संध्याकाळी नव्हे, शनिवारी 22 ला सकाळी शेवटची तपासणी केली. आणखी एक मेलेलं निघालं, 33 उरली. नऊ अंड्यांचं वजन 360, म्हणजे घट 11.8 टक्के. फिरवणं बंद केलं, अंडी जाळीवर आडवी ठेवली, खाली खडबडीत कापड घातलं म्हणजे पिल्लांचे पाय घसरून फाकत नाहीत. काढलेला पाण्याचा ट्रे परत ठेवला. झरोके मात्र उघडे. ओलावा टिकावा म्हणून झरोके बुजवणारे पुष्कळ आहेत, आणि पूर्ण वाढलेली पिल्लं चोच न मारताच मेली अशी तक्रारही त्यांचीच असते. शेवटच्या तीन दिवसांत हवेची गरज सगळ्यात जास्त असते.

पिल्लू आधी आतला पडदा फोडून पोकळीत चोच घालतं. मग कवचाला बाहेरून टवका दिसतो. त्यानंतर 12 ते 24 तास काहीच होत नाही असं वाटतं. या वेळात ते शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. याच वेळी लोक मदत करायला जातात आणि शिर फुटून पिल्लू जातं. झाकण उघडलं की ओलावा एकदम उतरतो, टवक्याजवळचा पडदा वाळून कागदासारखा आवळतो आणि इतर पिल्लं आत अडकतात. बाहेर आलेली पिल्लं पोटातल्या बलकावर दोन दिवस काढतात, त्यांना दाणापाण्याची घाई नाही. दिवसातून एकदाच उघडा आणि सुकलेली सगळी एकदम काढा. टवका पडून 24 तास उलटले आणि पुढे काहीच सरकलं नसेल तरच कोमट पाण्याने पडदा ओला करून कवचाचा छोटा तुकडा काढून बघा. रक्त दिसलं तर तिथेच थांबा.

उदाहरणात 24 ला रात्री पहिले टवके, 25 च्या दुपारपासून पिल्लं, आणि 26 च्या सकाळपर्यंत 29. ज्याने 23 तारीख धरली असती त्याने 24 च्या सकाळी ही सगळी उकिरड्यावर टाकली असती.

किती थांबायचं आणि उरलेल्यांचं काय

दुरुस्त केलेल्या तारखेपासून पूर्ण दोन दिवस थांबा. इतर पिल्लं निघाली असतील तर शेवटच्या पिल्लापासून 36 तास. मग टवका नसलेली अंडी परत उजेडात धरा. पाण्यात तरंगवून हलतं का बघण्याची पद्धत आहे, पण बारीक चीर नजरेतून सुटली तर जिवंत पिल्लू बुडतं, म्हणून ती आम्ही सुचवत नाही.

हालचाल नाही याची खात्री झाल्यावर ती अंडी रुंद टोकाकडून फोडा, मशीनपासून लांब, हातमोजे घालून. पिल्लू पूर्ण वाढलेलं, सुजलेलं आणि आत पाणी साचलेलं असेल तर ओलावा जास्त होता. पडदा पिल्लाला चिकटून वाळलेला असेल तर कमी होता किंवा झाकण वारंवार उघडलं. पोट मऊ, फुगलेलं, बलक पुरता आत न गेलेला, आणि घाणाही उशिरा, तर तापमान कमी. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर ते अंडं साठवताना किंवा ट्रेमध्ये उलटं उभं होतं. उभी ठेवताना निमुळतं टोक नेहमी खाली हवं. काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा, त्यासोबत `P1`, `P4` आणि ट्रेचं माप. पुढच्या घाण्याआधी मशीन धुऊन, वाळवून, रिकामं 24 तास चालवा आणि अंड्यांच्या उंचीला थर्मामीटर ठेवून पहाटेचा आणि दुपारचा आकडा बघा. दोन्हींत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर अंडी अजून आत घालू नका.